केक फ्रीझरमधून काढल्यावर वरून चिकट होतो आणि आयसिंग घसरतं. नेमकं कुठे चुकतंय?

सायली_म | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, भाचीच्या वाढदिवसाला तीन थरांचा केक करायचा आहे. वाढदिवस पुढच्या शनिवारी, म्हणजे हातात बारा दिवस आहेत. आदल्या रात्री भाजायला बसणं मला जमणार नाही, म्हणून स्पंज आधी करून फ्रीझरमध्ये ठेवायचे असं ठरवलंय. पण गेल्या खेपेला असंच केलं आणि पार फसलं.

तेव्हा केलेलं सगळं सांगते. साधा बटर स्पंज, २० सेंमीच्या टिनमध्ये, प्रत्येक थर साधारण ४०० ग्रॅमचा. पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्म गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले. चार दिवसांनी बाहेर काढले, लगेच फिल्म सोडवली, जाळीवर मांडले आणि कामाला लागले. दोन तासांनी बघते तर वरचा भाग बोटाला चिकटत होता, हात लावला की पापुद्राच निघून यायचा. त्यावर बटरक्रीम लावलं तर ते धरेना. मधला थर कापेपर्यंत सरकून एका बाजूला गेला. चवीला मात्र छान होता.

यावेळी फ्रीझरऐवजी नुसता फ्रीजमध्ये ठेवू का? पाच दिवस टिकेल ना? आणि सोबत कुकीजही करायच्या आहेत, त्यांचं पीठ आधी मळून ठेवता येईल का?

रवी_द | सोमवार, रात्री ९:४२

फ्रीझर नकोच. गोठलं की केकमधलं पाणी बाहेर येतं, वितळताना तेच वर जमा होतं, म्हणून चिकट झाला. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा, पाच दिवस आरामात राहतो. मी कायम तसंच करतो.

मृणालताई | सोमवार, रात्री १०:२५

सायली, तुझ्या केकमधून पाणी बाहेर आलेलं नाही, ते बाहेरून आत आलंय. गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो ना, तेच. उणे १८ अंशांचा केक तू उघडा करून खोलीतल्या हवेत ठेवलास, हवेतली वाफ त्याच्यावर जमली. स्पंजच्या वरच्या सालीत साखर भरपूर असते. तिला पाणी लागलं की तिचा पाक होतो, आणि तुझ्या बोटाला लागला तो हा पाक. बटरक्रीम म्हणजे चरबी, ती ओल्या पाकावर कशी टिकणार?

उपाय इतकाच: बाहेर काढल्यावर फिल्म सोडायची नाही. गुंडाळलेलाच केक ओट्यावर ठेवायचा. घाम फिल्मला बाहेरून येईल, केकला नाही. केक खोलीच्या तापमानाला आला, फिल्मवरचं पाणी फडक्याने पुसून घेतलं, की मग उघडायचा. तुझ्या मापाच्या एका थराला दोन ते तीन तास लागतील. थर एकमेकांवर रचून ठेवलेस तर मधला मागे राहतो, म्हणून वेगवेगळे मांड.

आणि फ्रीजमध्ये पाच दिवस ठेवू नकोस. रवी, राग मानू नकोस, पण स्पंजसाठी सगळ्यात वाईट जागा कुठली असेल तर ती फ्रीज. मी बारा वर्षं ऑर्डरचे केक करते. साधा स्पंज एक-दोन दिवस बाहेर हवाबंद राहतो, त्याहून जास्त दिवस असतील तर थेट फ्रीझर. मधली जागा मी वापरत नाही.

रवी_द | सोमवार, रात्री १०:५१

राग कसला. पण समजलं नाही. डबा हवाबंद असेल, पाणी उडूनच जात नसेल, तर केक वाळेल कसा?

चैतन्य_र | मंगळवार, सकाळी ७:३०

रवी, मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून मध्ये बोलतो. शिळं होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखवलं होतं की पावातलं पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतोच.

भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. गार झाल्यावर तो हळूहळू पुन्हा घट्ट बसायला लागतो. पाणी तिथेच असतं, पण दाताला केक कोरडा आणि भुसभुशीत लागतो. हे घट्ट होणं गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकं फ्रीजच्या तापमानाला, सगळ्यात वेगाने होतं. खोलीत त्याहून हळू. फ्रीझरच्या थंडीत जवळपास थांबतं. म्हणून फ्रीझरमध्ये ठेवणं म्हणजे ते घड्याळ बंद करणं, आणि फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे पुढे पळवणं.

शिळा पाव गरम केला की थोडा वेळ पुन्हा मऊ होतो, तोही याचमुळे. पाणी गेलेलं नसतंच.

मृणालताई | मंगळवार, सकाळी ८:०५

चैतन्यसर, किती नीट सांगितलंत. त्यात एक भर. केकमध्ये साखर आणि चरबी असल्यामुळे तो पावापेक्षा हळू शिळा होतो, म्हणून फ्रीजमधल्या केकचा फरक पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. शिवाय बटरचा केक फ्रीजमध्ये कडक लागतो तो निव्वळ बटर घट्ट झाल्यामुळेही. तो तासभर बाहेर ठेवला की बराचसा सुधारतो. तेलाचा केक गारही मऊच राहतो. रवी, तू तेलाचा करत असशील, म्हणून तुला त्रास जाणवला नसेल.

रवी_द | मंगळवार, सकाळी ८:२०

हो, तेलाचाच करतो! आता कळलं.

अनुजा७ | मंगळवार, दुपारी १:१५

मला वाटतं सायलीताईंनी केकचं बॅटरच फ्रीझ करावं. आदल्या दिवशी काढायचं, सकाळी भाजायचं, ताजा केक तयार. पीठ आधी करून ठेवण्याबद्दल वर लिहिलंय ना?

मृणालताई | मंगळवार, दुपारी २:४०

अनुजा, ते कुकीच्या पिठाबद्दल होतं. केकच्या पातळ बॅटरला हे चालत नाही. बेकिंग पावडर ओली झाली की काम सुरू करते, आणि फेटून भरलेली हवाही असते. गोठेपर्यंत आणि पुन्हा वितळेपर्यंत मोठे बुडबुडे वर येऊन फुटतात. जो केक होतो तो बसका, दाट आणि वर मोठी भोकं असलेला. मी सुरुवातीला एकदा करून पाहिलंय, टिनमध्ये अर्ध्यापर्यंतच आला. केक भाजूनच फ्रीझ करायचा.

कुकीचं पीठ घट्ट असतं, त्यात पाणी कमी आणि बटर जास्त. तिथे फार काही बिघडत नाही.

सायली_म | मंगळवार, रात्री ९:००

मृणालताई, सर, मनापासून आभार. आता गुंडाळण्याबद्दल विचारते. गेल्या वेळी मी एकच घडी फिल्म लावली होती. आणि केक पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळायचा ना?

मृणालताई | मंगळवार, रात्री ९:३५

पूर्ण गार. टिनमधून काढून जाळीवर किमान दोन तास, आणि खालच्या बाजूला मधोमध तळवा टेकवून बघ. वरून गार लागतो आणि पोटात ऊब असते.

गुंडाळताना फिल्म केकला चिकटून बसली पाहिजे. वर पोकळी राहिली की त्या पोकळीत बर्फाची भुकटी जमते. ते पाणी केकमधूनच गेलेलं असतं, आणि तिथला भाग पांढरट, कोरडा पडतो. आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीझरमध्ये हे जास्त होतं, कारण त्याचं तापमान अधूनमधून थोडं वर-खाली होत राहतं. मी एक थर फिल्म आडवी, एक उभी, आणि वरून फॉइल लावते. फॉइल वासासाठी. बटर शेजारच्या डब्यातला लसणाचा वास लगेच ओढून घेतं. खाली केकच्या मापाचा पुठ्ठा ठेव, म्हणजे गोठेपर्यंत वाकणार नाही. आणि तारीख लिही, सगळी पुडकी सारखीच दिसतात.

असा गुंडाळलेला साधा स्पंज दोन-तीन महिने चांगला राहतो. त्यानंतर खराब होतो असं नाही, पण चव उतरते.

ओव्हनपाशी | मंगळवार, रात्री १०:१०

मी इथे वेगळं मत मांडतो. मी केक कोमट असतानाच गुंडाळतो. आतली वाफ आतच राहते आणि केक जास्त ओलसर होतो. कित्येक वर्षं असंच करतोय, कुणी नाव ठेवलं नाही.

मृणालताई | मंगळवार, रात्री १०:३०

तुमचा अनुभव मी नाकारत नाही. मी केलं तेव्हा वाफेचं पाणी फिल्मच्या आतून जमलं, त्याचा बर्फ झाला आणि वितळल्यावर केकला वरून ओले डाग पडले. म्हणजे सायलीची अडचण पुन्हा तिथेच. तुम्ही किती कोमट असताना गुंडाळता?

ओव्हनपाशी | मंगळवार, रात्री १०:४४

हाताला जेमतेम ऊब लागेल इतका. आणि मी वरची साल आधी कापून टाकतो. कदाचित म्हणूनच चिकटपणा कधी दिसला नसेल.

गार्गी_न | बुधवार, सकाळी ११:२०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. काल रात्री व्हिप्ड क्रीम आणि ताज्या फळांचा केक आणला होता, अर्धा उरलाय. वरचं वाचून तो फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवला, फ्रीजमध्ये शिळा होतो म्हणून. बरोबर केलं ना?

मृणालताई | बुधवार, सकाळी ११:३२

गार्गी, तो आत्ता लगेच परत फ्रीजमध्ये ठेव! बाहेर ठेवून दोन तासांच्या वर झाले असतील तर खाऊ नका. मी जे बोलत होते ते साध्या, आयसिंग नसलेल्या स्पंजबद्दल. दुधाचं क्रीम, कस्टर्ड, कापलेली फळं असली की स्पंज थोडा कडक झाला तरी चालेल, केक फ्रीजमध्येच हवा. तिथे पोत नाही, पोट सांभाळायचं. मी हे आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं.

गार्गी_न | बुधवार, सकाळी ११:४०

वीसच मिनिटं झाली होती. ठेवला परत. आणि तो फ्रीझ केला तर?

मृणालताई | बुधवार, दुपारी १२:०५

फळं वितळल्यावर लिबलिबीत होतील आणि त्यांचं पाणी क्रीममध्ये उतरेल. दुधाच्या क्रीमलाही वितळताना पाणी सुटतं. कॉर्नफ्लोअर घालून केलेलं कस्टर्ड तर फाटल्यासारखं होतं. उद्या-परवापर्यंत संपवून टाका, तेच बरं.

बटरक्रीमचा केक मात्र अख्खा फ्रीझ होतो. आधी उघडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, वरचं आयसिंग कडक झालं की मग गुंडाळायचा. नाहीतर फिल्मला नक्षी चिकटून येते. वितळवताना तो फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायचा, मग बाहेर.

सायली_म | शुक्रवार, रात्री ११:१५

मंडळी, वाढदिवसाला अजून आठवडा आहे, म्हणून मी एक चाचणी केली. बुधवारी रात्री एकाच बॅटरचे तीन लहान केक भाजले, गार झाल्यावर तिन्हींना मृणालताईंच्या पद्धतीने दोनदा फिल्म आणि वर फॉइल. दोन फ्रीझरमध्ये, एक फ्रीजमध्ये. आज संध्याकाळी तिन्ही काढले.

पहिला, फ्रीझरमधला, मुद्दाम लगेच उघडला. काट्यावर २०६ ग्रॅम भरला. दहा मिनिटांतच वर पांढरट धुकं आल्यासारखं झालं, मग ते गडद होत गेलं आणि साल चमकायला लागली. तासाने वजन २०९ ग्रॅम. तीन ग्रॅम पाणी खरंच हवेतून आलं! बोट टेकवलं तर सालीचा ठसा बोटावर.

दुसरा गुंडाळलेलाच ठेवला. फॉइल काढली तर फिल्मच्या बाहेरून थेंब, खाली ताटलीत छोटं डबकं. पुसून दोन तासांनी उघडला. साल कोरडी, मऊ, हात फिरवला तर मखमलीसारखी. फ्रीझरमध्ये जाताना २०४ ग्रॅम होता, आताही २०४.

तिसरा फ्रीजमधला. तोही तासभर बाहेर ठेवून मगच कापला, म्हणजे बटरचं निमित्त नको. सुरी फिरवली तेव्हा फ्रीझरवाल्यापेक्षा जास्त चुरा पडला. दोन्ही तुकडे नवऱ्याला न सांगता दिले, त्याने फ्रीझरमधला ताजा म्हणून ओळखला.

चैतन्य_र | शनिवार, सकाळी ६:५०

वजन करून पाहिलंत हे फार आवडलं. माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग नक्की सांगणार.

ओव्हनपाशी | शनिवार, सकाळी ९:२५

सायली, पुढच्या वेळी त्यात एक कोमट गुंडाळलेलाही ठेवा. साल न कापता. मलाही बघायचंय.

नीलिमा_प | शनिवार, सकाळी १०:००

केकचं झालं, कुकीजचं राहिलं. मी पिठाचा मोठा गोळा तसाच फ्रीझ करते आणि सकाळी ओट्यावर काढून ठेवते. दुपारपर्यंत बाहेरून पातळ, आतून दगड. भाजल्या की पसरून एकमेकींना चिकटतात.

मृणालताई | शनिवार, सकाळी १०:४५

नीलिमा, गोळा एकत्र फ्रीझ केला की हेच होणार. आधीच वाटे कर. ४० ग्रॅमचे गोळे वळायचे, बटर पेपरवर एकमेकांना न लागता ताटात मांडून दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवायचे. कडक झाले की मग पिशवीत एकत्र भरायचे, हवा दाबून काढायची. आता ते चिकटत नाहीत, हवे तेवढेच काढता येतात.

आणि भाजायच्या आधी वितळवायचेच नाहीत. थेट फ्रीझरमधून ट्रेवर. बटर आतून गोठलेलं असल्यामुळे कुकी पसरायच्या आत तिची कड धरते, म्हणून उंच आणि मध्ये मऊ होते. मी ताज्या पिठाला १८० अंशांवर १२ मिनिटं देते. गोठलेल्याला १७० वर १४-१५. तापमान थोडं उतरवायचं, नाहीतर कड करपते आणि मधे पीठ कच्चं राहतं. तुझ्या ओव्हनला आधी दोनच गोळे भाजून बघ.

नीलिमा_प | शनिवार, सकाळी ११:१०

माझ्या कुकीज मोठ्या असतात, ९०-१०० ग्रॅमच्या. त्याही थेट?

मृणालताई | शनिवार, सकाळी ११:२२

तेवढ्या असतील तर गोठवण्याआधीच तळव्याने चपट्या करून ठेव, साधारण दोन सेंमी जाडीच्या. उंच गोळा ठेवलास तर मध्य गाठेपर्यंत कडा जळतील. नाहीतर आदल्या रात्री पिशवीसकट फ्रीजमध्ये उतरव. ओट्यावर मात्र तासन्‌तास नको. पिठात कच्चं अंडं असतं, आणि कच्चा मैदाही जंतूंच्या दृष्टीने निर्धोक नसतो.

लांबट सुरळी करून काप पाडायचे असतील तेवढ्यापुरती १०-१५ मिनिटं बाहेर ठेव. दगडासारखी असताना सुरी चालवलीस तर कड फुटते.

रवी_द | शनिवार, दुपारी १२:३०

यीस्टच्या पिठालाही असंच? गोड बन करून ठेवायचे आहेत.

ओव्हनपाशी | शनिवार, दुपारी १:०५

यीस्टचं मी सांगतो, ते माझं रोजचं काम आहे. पहिला फुगवटा थोडाच घ्यायचा, बन वळायचे आणि दुसऱ्यांदा फुगायच्या आधी गोठवायचे. फुगवून गोठवले तर वितळताना बसतात. काही यीस्ट थंडीने मरतंच, म्हणून मी नेहमीपेक्षा थोडं जास्त घालतो. मेलेल्या यीस्टमधून जे बाहेर पडतं त्याने पीठ सैलही होतं. तीन-चार आठवड्यांच्या आत वापरा. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचे, सकाळी उबदार जागी दुप्पट होईपर्यंत थांबायचं. घड्याळाकडे नाही, बनकडे बघायचं. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की ओव्हनमध्ये.

खरं सांगू, भाजलेले बन गोठवणं घरी जास्त सोपं पडतं.

सायली_म | रविवार, रात्री १०:३०

वाढदिवस काल झाला. तीन थर बुधवारी भाजून गोठवले होते, शनिवारी सकाळी सहाला काढून वेगवेगळे मांडले. साडेनऊला फिल्म पुसून उघडले, साखरेचं पाणी ब्रशने लावलं, दहाला बटरक्रीम. संध्याकाळी सातला कापला तेव्हा थर जागेवर होते.

एक अडचण आली. मधला थर उघडल्यावर हाताला अजून गार वाटला, बाकीचे दोन नाही. तो पुठ्ठ्यासकट ओट्यावर ठेवला होता, बाकीचे दोन जाळीवर. अर्धा तास आणखी थांबले. म्हणजे खालूनही हवा लागायला हवी.

कुकीज थेट गोठलेल्या भाजल्या. माझ्या ओव्हनला १७० वर १६ मिनिटं लागली. पहिल्या दोन १४ मिनिटांना काढल्या होत्या, त्यांचा मध्य बोटाला ओला लागला.

आता प्रश्न साखरेच्या पाण्याचा. ते गोठवण्याआधी लावलं तर केक जास्त मऊ राहील का?

मृणालताई | रविवार, रात्री ११:०२

सायली, फार आनंद झाला! जाळीचं मी लिहायला विसरले होते, बरं झालं तू लिहिलंस.

साखरेचं पाणी मी नंतरच लावते, कारण आधी लावलेला थर वितळल्यावर उचलताना तुटतो. पण माझी एक मैत्रीण आधीच लावते आणि तिचे केक उत्तम होतात. ती थर अर्धवट गोठलेले असतानाच रचते, मी पूर्ण वितळल्यावर. फरक तिथेच असावा असं वाटतं, पण दोन्ही शेजारी ठेवून मी कधी पाहिलेलं नाही.

ओव्हनपाशी | रविवार, रात्री ११:२०

अर्धवट गोठलेले असताना आयसिंग लावलं की नंतर आतला थर फुगल्यासारखा होऊन कडेला फट पडते, असं माझ्याकडे दोनदा झालंय. तुमच्या मैत्रिणीला विचाराल का, त्या आयसिंग किती वेळाने लावतात?

मृणालताई | सोमवार, सकाळी ७:१५

आजच विचारून इथे लिहिते.